दोन स्वार आणि मधली द्राक्षबाग : नाशिकमधलं एक टॅरो प्रकरण

हे प्रकरण मी तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, पण कार्डं, त्यांच्या जागा आणि पुढे जे घडलं ते तसंच ठेवलं आहे. मार्चअखेरची गोष्ट. गंगापूर रोडवरच्या माझ्या घरी ती संध्याकाळी आली तेव्हा दवाखाना बंद करून तशीच आली होती. वय एकोणतीस. फिजिओथेरपिस्ट, इंदिरानगरमध्ये स्वतःचा लहानसा दवाखाना, राहायला पंचवटीत आईवडिलांकडे. बसल्या बसल्या म्हणाली, "ताई, दोन स्थळं आहेत. एकाला रविवारपर्यंत हो की नाही सांगायचंय. दुसरा चार महिने झाले, काहीच बोलत नाही. कोण चांगला ते सांगा."

पहिलं स्थळ पिंपळगाव बसवंतकडचं. अकरा एकर द्राक्षबाग, मुलगा कृषी पदवीधर, एकत्र कुटुंब. एका रविवारी बघायला आले, बुधवारी पसंतीचा फोन आला आणि पुढच्या रविवारी थेट मुहूर्त विचारला. बघण्यापासून मुहूर्तापर्यंत आठवडाभर. दुसरा अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात. ओळखीतून भेटलेला. दर पंधरा दिवसांनी रविवारी कॉफीला भेटायचं, पाच मिनिटं आधी येऊन थांबायचं, बोलायचं नेमकं आणि थोडं. लग्नाचा विषय दोन्ही घरांत माहीत होता, पण त्याच्या तोंडून एकदाही निघाला नव्हता.

"कोण चांगला" हा प्रश्न मी कार्डांसमोर ठेवत नाही. कार्डं चारित्र्याचा दाखला देत नाहीत. बराच वेळ बोलून आम्ही प्रश्न असा केला : या दोघांची माझ्याकडे येण्याची चाल कशी आहे, आणि त्या चालीत माझं काय होईल? हा बदल का महत्त्वाचा, ते पुढे कळेल.

अशा प्रश्नासाठी मी सात कार्डांची मांडणी करते. डावीकडे एकाखाली एक तीन, उजवीकडे तशीच तीन, आणि दोन्ही रांगांच्या मध्ये खाली एक. रांगेतलं वरचं कार्ड म्हणजे तो कसा येतो. मधलं, त्या चालीमागे काय आहे. खालचं, तिने अडवलं किंवा थेट विचारलं तर तो काय करतो. मधलं सातवं कार्ड तिचं स्वतःचं. कोणती रांग कोणाची ते पिसण्याआधी ठरवून मोठ्याने बोलायचं, हा माझा नियम आहे. नाहीतर कार्डं उघडल्यावर मन आपोआप सोयीच्या माणसाला सोयीचं कार्ड चिकटवतं. तिने ठरवलं : डावी रांग पिंपळगावची, उजवी अंबडची.

कार्डं उघडली. टॅरोत नाईट म्हणजे घोडेस्वार, स्वोर्ड्स म्हणजे तलवारी आणि पेंटॅकल्स म्हणजे नाणी. डावीकडे वर नाईट ऑफ स्वोर्ड्स, त्याखाली टेन ऑफ पेंटॅकल्स, त्याखाली फोर ऑफ स्वोर्ड्स. उजवीकडे वर नाईट ऑफ पेंटॅकल्स, मग एट ऑफ पेंटॅकल्स, मग फोर ऑफ पेंटॅकल्स. मध्ये खाली नाईन ऑफ पेंटॅकल्स. मी उलटी, म्हणजे डोकं खाली आलेली, कार्डंही वाचते, पण त्या दिवशी एकही उलटं आलं नाही.

तिची पहिली प्रतिक्रिया सांगण्यासारखी आहे. उजवीकडच्या नाईटमागे नांगरलेलं शेत दिसलं आणि ती म्हणाली, "हे शेत तर पिंपळगावचं ना? कार्डं चुकून उलटसुलट पडली का?"

जागा अगोदर ठरवण्याचा नियम इथे उपयोगी पडला. नियम नसता तर मीही कदाचित त्या शेताला भुलले असते. नाईटच्या चित्रातलं शेत म्हणजे त्या माणसाचा सातबारा नव्हे. नाईट सांगतो ती रीत. तो माणूस तुमच्या दाराशी कसा येतो, किती वेगाने येतो आणि वाटेत काय तुडवतो किंवा काय जपतो, एवढंच. पोटापाण्याचा धंदा त्यात शोधायचा नाही. बागायतदार माणूस स्थळ म्हणून तलवार उगारून येऊ शकतो आणि कारखान्यातला माणूस नांगरटीच्या गतीने येऊ शकतो. इथे तेच झालं होतं.

आता दोन्ही चित्रं नीट बघू. कारण टॅरो वाचणारे बरेच जण या दोघांचे अर्थ पाठ करतात आणि चित्र बघायचं विसरतात. आपण वापरतो तो सर्वात ओळखीचा संच 1909 साली लंडनमध्ये छापला गेला. कल्पना आर्थर वेटची, चित्रं पामेला कोलमन स्मिथची. त्यातल्या चार नाईटांपैकी एकाचाच घोडा चारही पाय जमिनीवर रोवून उभा आहे, तो पेंटॅकल्सचा. जाड मानेचा काळा घोडा, पिवळं आभाळ, मागे सरळ रेघांची नांगरट, स्वाराच्या शिरस्त्राणावर आणि घोड्याच्या डोक्यावर हिरवी डहाळी. हातात नाण्यासारखी मोठी चकती, तिलाच पेंटॅकल म्हणतात. वेटने या कार्डाबद्दल एक बारीक निरीक्षण नोंदवलं आहे : हा स्वार आपलं चिन्ह समोर धरतो, पण त्यात पाहत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, या प्रकरणात ते फार पुढे येऊन उभं राहिलं.

तलवारीचा स्वार याच्या अगदी उलट. पांढरट घोडा चौखूर उधळलेला, स्वार पुढे झुकलेला, तलवार वर, ढग फाटलेले, झाडं वाकलेली. वेटला यात जुन्या वीरकथांमधला शुद्ध मनाचा योद्धा दिसतो आणि त्याच दमात तो क्रोध, विरोध, नाश हे अर्थही देतो. म्हणजे या स्वाराची नियत वाईट असलीच पाहिजे असं नाही. त्याचा प्रश्न वेगाचा आहे. घोडा एवढ्या वेगात असताना समोर कोण उभं आहे ते दिसतं का, आणि दिसलं तरी थांबता येतं का?

"स्थळ म्हणून तलवारवाला नको, नाणेवाला हवा" असा सरसकट निकाल आपल्याकडे सर्रास दिला जातो. मुलीच्या आईला तो आवडतोही. मला तो चुकीचा वाटतो, आणि नुसता चुकीचा नाही तर नुकसान करणारा. संथपणा हा गुण नव्हे. संथपणात काम चाललेलं असेल तर तो गुण. नाहीतर ते साचलेपण. याच कार्डाच्या उलट्या अर्थात जडपणा, आळस, निरुत्साह आहेत आणि सुलट कार्डापासून ते फार दूर नाहीत. उभा घोडा विश्रांती घेतोय, वाट बघतोय की हलायचंच विसरलाय, हे एकट्या कार्डावरून कळत नाही. त्यासाठी शेत बघायचं. नांगरट कोणीतरी केलेली आहे. म्हणून नाण्याच्या स्वाराच्या बाबतीत मी एकच गोष्ट विचारते : मागच्या भेटीपासून या भेटीपर्यंत काय बदललं?

तिला तेच विचारलं. आधी म्हणाली, "काहीच नाही ताई, तेच ते." मग आठवायला लागली. पहिल्या भेटीत त्याने सांगितलं होतं की बहिणीच्या शिक्षणाचं कर्ज त्याच्या अंगावर आहे आणि ते आधी फेडायचंय. तेव्हा सात हप्ते उरले होते, आता तीन. दुसऱ्या भेटीत निघताना त्याने तिच्या स्कूटरचं मागचं टायर हाताने चाचपून बघितलं आणि म्हणाला, "गुळगुळीत झालंय, पावसाआधी बदल." पुढच्या भेटीत काही न बोलता परत वाकून बघितलं. तिने बदललं नव्हतं. त्याच्या पुढच्या भेटीत बदललं होतं, तर त्याने फक्त मान हलवली. आणि दवाखान्याबद्दल. लग्नानंतर दवाखान्याचं काय, असं तिने सहज विचारलं होतं तेव्हा तो गप्प बसला. तिला राग आला. पंधरा दिवसांनी भेटल्यावर त्याने विचारलं, "तुझ्या गाळ्याचा भाडेकरार कधी संपतो? नूतनीकरणात भाडं किती वाढवतात?"

हाच प्रश्न तिने पिंपळगावच्या मुलालाही विचारला होता. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर आलं होतं : "पिंपळगावात नवीन टाकून देऊ ना, मोठा!"

या दोन उत्तरांत दोन्ही स्वार अख्खे दिसतात. तलवारीचं उत्तर उदार आहे, पण ते प्रश्नाला नाही, प्रश्न संपवण्याला दिलेलं आहे. तिचे पेशंट इंदिरानगरचे, पाठदुखीवाले आणि गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेले म्हातारे. ते तीस किलोमीटर महामार्गाने पिंपळगावला येणार नाहीत, हा विचार त्या वेगात मावत नव्हता. नाण्याच्या स्वाराचं उत्तर पंधरा दिवस उशिरा आलं, तेही प्रश्नाच्या रूपात, आणि त्यात गोडवा औषधालाही नव्हता. पण तो दवाखान्याच्या दारापर्यंत जाऊन आला होता. म्हणजे वरच्या कार्डाची खात्री पटली. उभा घोडा साचलेला नव्हता, मागे नांगरट होती. त्याखालचं एट ऑफ पेंटॅकल्सही तेच सांगत होतं. त्यात एक कारागीर बाकावर बसून एकेक चकती छिन्नीने घडवतोय, शहर मागे लांब आहे, कोणी बघत नाहीये.

डाव्या रांगेकडे वळल्यावर मला थांबावं लागलं. तलवारीच्या स्वाराखाली मी दुसरी तलवार किंवा काठ्यांचं एखादं भडक कार्ड येईल असं धरून होते. आलं टेन ऑफ पेंटॅकल्स : कमानीखालचं घर, जोडपं, लहान मूल, आणि दाराशी बसलेला म्हातारा, त्याच्याजवळ दोन कुत्री. म्हणजे घोडा उधळलाय तो स्वाराच्या टाचेने नव्हे, मागच्या घराच्या रेट्याने. मी तिला विचारलं, "घाई नक्की कोणाला आहे? मुलाला, की घराला?"

तिला माहीत नव्हतं. मला मात्र अंदाज होता, कारण नाशिक जिल्ह्यात द्राक्षाच्या घरांतली लग्नं कशी ठरतात ते इथे वाढलेल्या कोणालाही ठाऊक असतं. सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरात गोडी छाटणी झाली की जानेवारी ते एप्रिल माल निघेपर्यंत घरातलं माणूस बागेतून हलत नाही. माल गेला की एप्रिल-मेमध्ये खरड छाटणी. पुढच्या वर्षीचे घड काडीत धरतात ते त्या उन्हाळ्यातल्या फुटीवर. लग्नाला मोकळीक मिळते ती याच सांदीत. आषाढी एकादशी लागली की चातुर्मास, मुहूर्त बंद. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त उघडतात तेव्हा बागेत फवारण्या ऐन भरात असतात. "आता बार उडवला नाही तर पुढच्या मेपर्यंत थांबा" हा त्या घराचा हिशेब खोटा नाही. ही घाई उतावळ्या प्रेमाची नव्हती, हंगामाची होती. तलवारीच्या स्वाराला "अविचारी" म्हणून टाकून दिलं असतं तर एवढं महत्त्वाचं कारण नजरेआड झालं असतं.

याच ठिकाणी एक जुनी पद्धत कामी येते. 1888 मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या गोल्डन डॉन या मंडळाच्या परंपरेत शेजारशेजारच्या कार्डांची तत्त्वं ताडून बघतात. वेट आणि स्मिथ दोघंही त्या मंडळात होते. तलवारी वायूच्या, नाणी पृथ्वीची. वायू आणि पृथ्वी परस्परविरोधी, एकमेकांचं बळ कमी करणारी. सात कार्डांत पाच नाणी आणि दोनच तलवारी. म्हणजे तलवारीचा स्वार इथे चहूबाजूंनी मातीत आहे. पावसानंतरच्या काळ्या रानात घोडा पिटाळला तर काय होतं ते डोळ्यासमोर आणा. जोर पूर्ण लावलेला, पण पाय रुतताहेत. मी तिला म्हटलं की या मुलाचा वेग तुला भीती वाटावी इतका मोठा नाही. तो अडवता येतो, आणि अडवल्यावर काय होतं ते खालचं कार्ड सांगतंय. फोर ऑफ स्वोर्ड्समध्ये एक योद्धा देवळातल्या थडग्यावर हात जोडून पहुडलेला आहे. तीन तलवारी भिंतीवर, चौथी थडग्याला लागून. हा स्वार थांबवला तर थांबतो.

उजव्या रांगेचं खालचं कार्ड तितकं सरळ नव्हतं. फोर ऑफ पेंटॅकल्स : एक माणूस नाणं छातीशी कवटाळून बसलाय, दोन पायांखाली दाबलीत, एक डोक्यावर. थेट विचारलं तर हा आवळून घेतो. इथे माझी चूक झाली, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. मी म्हणाले, "हा माणूस पैशाला घट्ट असू शकेल, संसारात हात आखडता ठेवेल." पाठ केलेला अर्थ तोंडातून गेला. खरं तर वेटचं ते वाक्य समोर होतं : चिन्ह दाखवतो, पण त्यात पाहत नाही. दोन्ही कार्डं एकत्र वाचायला हवी होती. पुढे कळलं की ते घट्टपण कंजुषीचं नव्हतंच.

शिवाय दोन गोष्टी मांडणीत ठळक दिसत होत्या. एक म्हणजे दोघांची तोंडं. या संचात तलवारीचा स्वार डावीकडे धावतो आणि नाण्याचा स्वार उजवीकडे तोंड करून उभा आहे. रांगा उलट असत्या तर ते एकमेकांसमोर आले असते आणि मी ते दोन स्थळांची झुंज म्हणून वाचलं असतं. इथे डावा डावीकडे बघत होता, उजवा उजवीकडे. दोघांचीही पाठ मधल्या जागेकडे, म्हणजे तिच्याकडे. एक आपल्या हंगामाकडे बघतोय, एक आपल्या हप्त्यांकडे.

दुसरी गोष्ट तिला आवडली नाही. सात कार्डांत एकही कप नव्हता. चषकांची कार्डं म्हणजे भावनेची, ओढीची. लग्नाच्या प्रश्नाला एकही कप न येणं मी दुर्लक्षून पुढे जात नाही. मी तिला सरळ विचारलं, "तुला या दोघांपैकी कोणाची आठवण येते? ठरल्या दिवसाव्यतिरिक्त?" ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "टायरची येते." दोघीही हसलो, पण मला ते उत्तर खरं वाटलं आणि मी ते वहीत लिहून ठेवलं.

आता सातवं कार्ड. नाईन ऑफ पेंटॅकल्स नाशिकच्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. घडांनी लगडलेल्या द्राक्षाच्या वेलींमध्ये एक बाई एकटी, निवांत उभी आहे. सगळा पसारा तिचा. हे कार्ड बघून तिला पुन्हा पिंपळगाव आठवलं, "म्हणजे मी बागेत जाणार?" मी म्हटलं, सातवी जागा तुझी आहे, त्याची नाही. ही बाग म्हणजे तुझा दवाखाना. ती कमावलेली आहे, कोणी दिलेली नाही. मग मी तिला चित्रातल्या दोन लहान गोष्टी बोटाने दाखवल्या. बाईच्या हातमोजा घातलेल्या हातावर ससाणा बसलाय, त्याच्या डोळ्यांवर टोपी आहे. आणि खाली, पायाशी, एक गोगलगाय चाललीय. सर्वांत वेगवान शिकारी पक्ष्यांपैकी एक हातावर, आणि सर्वांत संथ जीवांपैकी एक पायाशी. ससाण्याची टोपी कधी काढायची ते ती बाई ठरवते.

या बैठकीतलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटलेलं वाचन हेच. दोन स्वारांमध्ये तिने वेग निवडायचा आहे अशी कल्पना करून ती आली होती. कार्डात वेग आणि संथपणा दोन्ही तिच्याच ताब्यात होते. ती स्वतःच्या वेगाबद्दल काही बोललीच नव्हती. रविवार त्यांचा, पंधरवडा याचा. तिची तारीख कोणती?

त्यामुळे मी निकाल दिला नाही, दोन कामं दिली. पिंपळगावला रविवारी हो-नाही सांगायचं नाही, "मला तीन आठवडे हवेत" एवढंच मुलाला स्वतः फोन करून सांगायचं आणि पहिल्या चार दिवसांत कोणाकडून काय येतं ते बघायचं. अंबडच्या मुलाला गोल प्रश्न विचारायचा नाही. "तुझा विचार काय?" असं विचारलं की नाण्याचा स्वार आणखी आत जातो. त्याला एक ठोस, तारीख असलेली गोष्ट विचारायची : पुढच्या गुरुवारपर्यंत तू लग्नाबद्दल तुझ्या घरी बोलशील का? उशीर होणं चालेल. पण गुरुवारनंतर तो स्वतःहून काही घेऊन येतो का, ते बघायचं. मुदत टळल्यावर संथ माणूस खुलासा घेऊन येतो, साचलेला माणूस पुढची मुदत घेऊन येतो.

तीन आठवड्यांनी ती आली. पिंपळगावचा मुलगा फोनवर क्षणभर थांबला आणि "ठीक आहे, घ्या वेळ" म्हणाला. त्यानंतर त्याचा एकही फोन नाही. फोर ऑफ स्वोर्ड्स अक्षरशः. मात्र चौथ्या दिवशी त्याच्या काकांचा फोन तिच्या वडिलांना आला, मग मामांचा, मग पुन्हा काकांचा. तिने मुलाला हे सांगितल्यावर तो शांतपणे म्हणाला, "घरात सगळ्यांचं ऐकावं लागतं, तुम्हालाही सवय होईल." वाईट बोलला नाही. खरं बोलला. टेन ऑफ पेंटॅकल्सच्या कमानीखाली तिला कोणत्या जागी उभं राहायचं आहे ते त्या एका वाक्यात कळलं, आणि तिने नकार कळवला. त्याने सरळ मनाने शुभेच्छा दिल्या.

अंबडच्या मुलाने गुरुवारी फोन केला नाही. शुक्रवारी ती माझ्यावरच चिडली होती, तसा मेसेजही होता. शनिवारी संध्याकाळी तो ठरलेला रविवार सोडून तिच्या दवाखान्यात आला, हातात प्लास्टिकची फाइल. त्यात पाथर्डी फाट्याकडच्या एका फ्लॅटचे कागद होते. ताबा दोनदा पुढे ढकलला गेला होता. तो हप्ता आणि घरभाडं दोन्ही भरत होता आणि चावी हातात आल्याशिवाय लग्नाचा शब्द काढायचा नाही असं त्याने मनाशी धरलं होतं. घरी बोलला होता, पण गुरुवारी नाही, शनिवारी सकाळी. छातीशी कवटाळलेलं नाणं हे होतं. मी त्याला कंजूष म्हटलं होतं, तो लाजत होता. हातातलं चिन्ह तो चार महिने तिच्यासमोर धरून बसला होता आणि त्यात न बघता दुसरीकडे बघत होता.

मी तिची माफी मागितली आणि फोर ऑफ पेंटॅकल्स तिला पुन्हा उघडून दाखवलं. त्या माणसाच्या मागे अख्खं शहर आहे, घरं आहेत, आणि तो त्यांच्याकडे पाठ करून बसलाय. हे मी पहिल्या दिवशी बघायला हवं होतं.

यावर तिने जे केलं ते कार्डांनी सुचवलेलं नव्हतं. तिने फाइल वाचली, हप्त्याचा आकडा विचारला आणि म्हणाली, "चावीची वाट मी बघणार नाही. तुळशीच्या लग्नानंतरचा पहिला मुहूर्त. तोवर ताबा आला तर तिथे राहू, नाहीतर माझ्या दवाखान्याजवळ भाड्याने." तो किती वेळ गप्प होता ते तिने मला घड्याळ लावून मोजल्यासारखं सांगितलं. बाहेरच्या पेशंटला लावलेल्या शेकाच्या मशीनचा टायमर सुरू होता, तो वाजेपर्यंत. मग म्हणाला, "भाडं किती आहे तिकडे?"

कपचा प्रश्न मी तिला नंतर एकदाच विचारला, ऑगस्टमध्ये. तिने आणखी कार्डं काढायला नकार दिला. पिंपळगावच्या मुलाचं लग्न त्याच मेमध्ये दिंडोरीकडच्या मुलीशी झालं होतं आणि खरड छाटणी वेळेत उरकली, हे तिला वडिलांकडून कळलं होतं. तिला त्याचं बरं वाटलं होतं. फ्लॅटचा ताबा तेव्हाही आलेला नव्हता. इंदिरानगरमध्ये दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या, दवाखान्यापासून चालत सात मिनिटांवर. मिनिटं त्याने मोजली होती, दोनदा, एकदा पावसात.